गॅस किटचे पैसे कधी फिटतात?

गॅस किट बसवणाऱ्या गॅरेजमध्ये शिरले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "साहेब, खर्च अर्ध्यावर येतो." समोरच्या पंपावर पेट्रोल १०४ रुपये आणि ऑटो एलपीजी ६२ रुपये लिटर असला, तर हे वाक्य लगेच पटतेही. पण शंभराला साठ म्हणजे अर्धा नव्हे, आणि गाडी लिटरवर चालत नाही, किलोमीटरवर चालते. गडबड इथूनच सुरू होते.

एक नमुना घेऊ. कऱ्हाडमध्ये राहणारा एक औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे असे समजा. त्याच्याकडे एक लिटर इंजिनाची, आठ वर्षे जुनी छोटी गाडी आहे. आज सातारा, उद्या सांगली, परवा विटा, असा महिन्याला दीड हजार किलोमीटरचा प्रवास. पेट्रोलवर गाडी सोळाचा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. किट, फिटिंग आणि आरटीओची कामे धरून गॅरेजवाल्याने ३२ हजारांचा आकडा सांगितला आहे. भाव जागोजागी वेगळे असतात आणि महिन्याला बदलतातही. त्यामुळे इथले आकडे नुसते हिशेब समजण्यासाठी आहेत. पद्धत कळली की ज्याने त्याने आपल्या पंपाचा भाव घालून पाहावा.

पहिली कात्री लागते ती ॲव्हरेजला. प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असलेला हा गॅस टाकीत दाबाखाली द्रवरूपात असतो, पण तो पेट्रोलपेक्षा बराच हलका. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते, एक लिटर एलपीजी जेमतेम साडेपाचशे ग्रॅम. किलोमागे उष्णता मोजली तर गॅस पेट्रोलपेक्षा किंचित सरसच आहे, पण पंपावरचे मीटर लिटर मोजते. त्यामुळे तेवढेच अंतर कापायला वीस-पंचवीस टक्के जास्त लिटर लागतात. सोळाची गाडी गॅसवर पावणेतेरा देते. किलोमीटरचा खर्च येतो ४ रुपये ८४ पैसे, आणि बचत १ रुपया ६६ पैसे. गॅरेजमधला 'अर्धा' एवढ्यातच पाव झाला.

दुसरी कात्री लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण तिचे बिल वेगळ्या पंपावर फाटते. गॅसची गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते. टाकीतला द्रव इंजिनात जाण्याआधी त्याची वाफ व्हावी लागते, आणि वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषतो. हे काम बॉनेटखाली बसवलेल्या रिड्युसरमध्ये होते, आणि त्याला ऊब मिळते इंजिनाच्या कूलंटच्या गरम पाण्याची. पाणी कोमट होईपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस अंशांपर्यंत, संगणक गाडी गॅसवर घेत नाही. तेवढ्यात एक-दीड किलोमीटर निघून जातो. कऱ्हाडच्या आपल्या माणसाला याचे फारसे काही वाटत नाही. त्याची एक फेरी साठ-सत्तर किलोमीटरची, त्यात पाच टक्के पेट्रोल गेले तरी बिघडत नाही. १,५०० पैकी १,४२५ किलोमीटर गॅसवर झाले, की महिन्याला २,३६५ रुपये वाचतात.

आता याच शहरातली एक शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. गाडी तीच, गॅरेज तेच, किटही तेच. घर ते शाळा चार किलोमीटर, संध्याकाळी मंडई नाहीतर मुलाची शिकवणी. महिन्याला पाचशे किलोमीटर, तेही तुकड्या-तुकड्यांनी. दर फेरीत पहिला किलोमीटर पेट्रोलवरच जातो, म्हणजे पाव प्रवास पेट्रोलवर. उरलेल्या पावणेचारशे किलोमीटरवर तिचे ६२२ रुपये वाचतात.

यातून वरखर्च वजा करायचा. विमा कंपनीला किटची माहिती द्यावी लागते. पूर्ण विमा असेल तर साधारणपणे किटच्या किमतीच्या चार टक्के आणि तृतीय पक्षाच्या विम्यापोटी साठ रुपये जास्त पडतात. गॅसचे फिल्टर, प्लग आणि टॅपेटची तपासणी धरून वर्षाला तीन हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे. प्रतिनिधीच्या हाती २,११५ रुपये राहिले, शिक्षिकेच्या हाती ३७२. त्याचे ३२ हजार सव्वा वर्षात फिटतात. तिचे फिटायला सात वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर आठ वर्षांची गाडी पंधरा वर्षांची होऊन पुन्हा पासिंगच्या दारात उभी राहते.

किट घेताना घासाघीस होते ती किमतीवर. पण आकडे फिरवून पाहिले तर गंमत दिसते. आपल्या प्रतिनिधीला कोणी पाच हजार स्वस्त किट दिले, तर पैसे फिटण्याची मुदत पंधरा महिन्यांवरून तेरावर येते, बस्स. उलट पेट्रोल तिथेच राहून गॅस लिटरला दहा रुपयांनी महागला, तर किलोमीटरची बचत १ रुपया ६६ पैशांवरून ८७ पैशांवर घसरते आणि मुदत पंधरावरून बत्तीस महिन्यांवर जाते. गॅसचा भाव पेट्रोलच्या ऐंशी टक्क्यांवर गेला की बचत शून्य. ही भीती कल्पनेतली नाही. एलपीजीचा भाव आखाती देशांच्या मासिक दरांशी बांधलेला आहे, त्यामुळे तो वरखाली होत राहतो. म्हणून किटच्या पावतीपेक्षा दोन पंपांवरच्या भावातले अंतर जास्त महत्त्वाचे. आणि पंप कुठे आहे तेही! तो नेहमीच्या वाटेपासून पाच किलोमीटर आत असेल, तर महिन्याच्या चार खेपांत चाळीस किलोमीटर नुसते गॅस भरण्यासाठी होतात. दोनशे रुपये तिथेच गेले. सीएनजीचे पंप आता बऱ्याच गावांत झाले आहेत, एलपीजीचे मात्र तसे नाही. एलपीजीचा पंप रोजच्या रस्त्यावर नसेल तर पुढचा विचारच करू नये.

हिशेब जमला, तरी तो टिकेल की नाही हे फिटर ठरवतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना सिक्वेन्शियल किट बसते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला गॅसचा स्वतंत्र इंजेक्टर. या इंजेक्टरची नळी जिथे जोडायची तिथे इनटेक मॅनिफोल्डला भोके पाडावी लागतात. चांगला फिटर मॅनिफोल्ड खोलून बाहेर काढतो, भोक पाडतो, आतला कीस पुसतो आणि मग परत बसवतो. घाईतला फिटर जागेवरच ड्रिल लावतो, ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासतो आणि कीस त्यालाच चिकटेल अशी आशा करतो. न चिकटलेला कण थेट सिलिंडरमध्ये जातो. किट बसवताना गाडीजवळ उभे राहून पाहण्यासारखी ही एकच गोष्ट असेल, तर ती हीच.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे लॅपटॉप. किट बसवल्यावर गाडी रस्त्यावर पळवून संगणकात गॅसचे प्रमाण जुळवावे लागते. ते न करता फिटरने 'ऑटो'चे बटण दाबून मालकाच्या हाती किल्ली ठेवली, तर इंजिनाला बरेचदा गॅस कमी पडतो. गाडी चालते, ॲव्हरेज तर छानच मिळतो, आणि मालक खूश होतो. पण गॅस कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणात उष्णता वाढते आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह भाजून निघतात. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरवर P0171 असा कोड दिसला, तर तो नेमकी हीच तक्रार सांगतो. त्याचे कारण दुसरे काही असू शकते, पण गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर कोड देणारी असेल तर बोट किटकडेच जाते. काही ठिकाणी कोड पुसून गाडी परत देतात. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागतो.

कूलंटची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण ती डोळ्यांनी दिसते. बॉनेट उघडल्यावर रिड्युसरवर फ्रीजमध्ये साचतो तसा बर्फाचा पांढरा थर दिसला, तर त्याला गरम पाणी पोचत नाही. कूलंट कमी झाला आहे किंवा पाइपात हवा अडकली आहे. अशा वेळी गॅसपेक्षा इंजिनाची काळजी आधी करावी. कूलंट संपत आलेली गाडी रस्त्यात तापून उभी राहू शकते.

आता ऑइल. गॅसच्या गाडीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते ऑइलबद्दलच, आणि त्यांची सुरुवात एका खऱ्या गोष्टीने होते.

पेट्रोलवरच्या गाडीची डिपस्टिक काढून कापडावर पुसली, तर चार-पाच हजार किलोमीटरनंतर डाग काळपट पडतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीची काढली, तर आठ हजार किलोमीटरनंतरही तो मधासारखा पिवळसर असतो. हे खरे आहे, आणि कारणही सोपे आहे. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडले जाते. त्यातले सगळे पेट्रोल जळत नाही. काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवर चिकटतात, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढतात आणि रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरतात. ऑइल पातळ होते, त्याला पेट्रोलचा वास येतो. शिवाय अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी त्यात मिसळते. गॅस मात्र सिलिंडरमध्ये शिरतो तोच वाफेच्या रूपात. तो भिंत धूत नाही, काजळीही फारच थोडी करतो. म्हणून रिंगा आणि सिलिंडर कमी झिजतात, ऑइल घट्टपणा टिकवते. गॅसचा इंजिनाला होणारा हा खरा फायदा. पण तोही लांबच्या प्रवासातच पदरात पडतो. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या शिक्षिकेच्या गाडीत थंड सुरुवात पेट्रोलवरच होते, म्हणजे धुण्याचे काम तसेच चालू राहते.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. "ऑइल अजून स्वच्छ आहे, कशाला बदलायचं?" असे म्हणून मालक दहा हजारांवर बदलायचे ऑइल पंधरा-वीस हजारांपर्यंत ओढतात. स्वच्छ दिसणारे ऑइल म्हणजे चांगले ऑइल नव्हे. रंग सांगतो काजळी किती आहे, एवढेच. ऑइलमध्ये आम्ल मारणारी, झीज रोखणारी रसायने मिसळलेली असतात, ती वापराने संपत जातात. वर उष्णतेने ऑइल हळूहळू ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या संयुगांनी बिघडून दाट होऊ लागते. पेट्रोलमुळे ते पातळ होते, गॅसमध्ये दाट होण्याकडे कल असतो, आणि यातले काहीच डिपस्टिकवर दिसत नाही. म्हणून ग्रेड आणि किलोमीटर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच पाळावेत. 'गॅस स्पेशल' म्हणून दुप्पट भावाने विकले जाणारे ऑइल घेण्याची गरज नाही, आणि पुस्तिकेतल्यापेक्षा दाट ऑइल भरण्याचीही नाही.

ओढाताणीतून मिळते तरी किती? आपला प्रतिनिधी वर्षाला १८ हजार किलोमीटर करतो. ऑइल आणि फिल्टरचे एका वेळचे २,२०० रुपये धरले, आणि बदल दहा हजारांऐवजी पंधरा हजारांवर केला, तर वर्षाला सुमारे तेराशे रुपये वाचतात. महिन्याला एकशेदहा. इंधनात २,३६५ वाचवणाऱ्या माणसाने एकशेदहासाठी इंजिन पणाला लावावे, हा व्यवहार काही जमत नाही.

ऑइल काळे होत नाही म्हणून इंजिनाची झीजच थांबली, असेही नाही. ती फक्त जागा बदलते, रिंगांकडून व्हॉल्व्हकडे. द्रवरूप पेट्रोल इनटेकमधून जाताना व्हॉल्व्हला थोडे थंड ठेवते. गॅस कोरडा, ती शीतलता त्याच्याकडे नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापलेल्या सीटवर मिनिटाला हजारभर वेळा आपटत असतो. सीट मऊ धातूची असेल तर ती हळूहळू घासते आणि व्हॉल्व्ह केसाकेसाने आत बसत जातो. व्हॉल्व्ह जेवढा आत जाईल तेवढे त्याचे दुसरे टोक वर येते आणि टॅपेटमधली फट कमी होते.

याची खूण उलटी असते. पेट्रोलच्या गाडीत टॅपेट खडखड वाजायला लागले की मालक गॅरेजला धावतो. गॅसच्या गाडीत धोका असतो टॅपेट गप्प झाल्यावर. इंजिन दिवसेंदिवस शांत होत जाते, मालकाला वाटते गॅसने गाडी मुलायम केली. प्रत्यक्षात फट संपत आलेली असते. ती पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. जळता वायू फटीतून सुटतो, कॉम्प्रेशन पडते. सकाळी गाडी चटकन लागत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते, पिकअप जातो. त्यापुढे हेड उतरवणे आणि नव्या सीट बसवणे एवढेच उरते, आणि त्यात प्रतिनिधीची वर्षभराची बचत सहज खर्ची पडते.

काळजी घ्यायला मात्र फार लागत नाही. दर वीस हजार किलोमीटरला थंड इंजिनात फिलर गेजची पट्टी घालून टॅपेटची फट मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. एक आकडा काही सांगत नाही. दोन-तीन आकडे एकाखाली एक लिहिले की फट घटते आहे का ते कळते. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात फट आपोआप जुळवली जाते, त्यामुळे तिथे मोजता येत नाही. तिथे कॉम्प्रेशन तपासावे. एक्स्प्रेस वेवर तासनतास शंभर-एकशेवीसच्या वेगाने गॅसवर धावणारी गाडी व्हॉल्व्ह लवकर खाते. घाट आणि लांब चढावर थोडा वेळ पेट्रोलवर टाकली तर तिला विसावा मिळतो. इनटेकमध्ये थेंबथेंब सोडायचे व्हॉल्व्ह-रक्षक द्रवही बाजारात मिळतात. मऊ सीटच्या जुन्या इंजिनात त्यांना अर्थ आहे, पण त्यांचा खर्चही किलोमीटरच्या हिशेबात धरावा.

ऑइलची आणखी एक जात गॅसच्या गाडीत सापडते, आणि ती इंजिनातली नसते. गॅस टाकीपासून इंजिनापर्यंत येताना आपल्याबरोबर जड, तेलकट अंश आणतो. हा तपकिरी, चिकट, दुर्गंधी गाळ रिड्युसरच्या तळाशी साचतो आणि इंजेक्टरमध्ये अडकतो. मग एक सिलिंडर मागे पडतो, गाडी गॅसवर धक्के देते आणि पेट्रोलवर टाकली की सुतासारखी चालते. कित्येक रिड्युसरना तळाशी गाळ काढायचा स्क्रू असतो. फिल्टर बदलताना तोही उघडायला सांगावे. गाडी गरम असताना, उघड्यावर, आणि जवळपास विडी-काडी नसताना.

उघड्यावर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खाली बसतो. सर्व्हिसचा खड्डा, तळघरातले पार्किंग अशा ठिकाणी तो साचून राहतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो. तो आला तर स्विचला हात न लावता गाडी ढकलून बाहेर काढावी.

टाकीबाबत तर कुठलीच तडजोड चालत नाही. घरचा लाल सिलिंडर डिकीत ठेवून नळी जोडणे हा गुन्हा आहे, आणि धोका त्याहून मोठा. मोटारीसाठीच्या टाकीवर असलेला मल्टिव्हॉल्व्ह ती ऐंशी टक्के भरली की आपोआप बंद होतो. ३५ लिटरच्या टाकीत २८ लिटरच बसतात. मालक पंपवाल्याशी हुज्जत घालतात, पण उरलेली जागा उन्हात फुगणाऱ्या द्रवासाठी ठेवलेली असते. घरच्या सिलिंडरला ही सोय नाही. गाडीच्या मॉडेलला मंजुरी मिळालेले किट, टाकीचा क्रमांक असलेले प्रमाणपत्र आणि आरसीवर 'पेट्रोल व एलपीजी' अशी नोंद, हे तीन कागद हातात आल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत. नोंद नसलेल्या किटच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीला बोट दाखवायला तेवढे पुरते. कंपनीची वॉरंटी चालू असलेल्या नव्या गाडीत तर बाहेरून किट बसवल्यावर इंजिनाची वॉरंटी जाण्याची शक्यता असते. तीही किंमत हिशेबात लिहावी लागते.

सहा महिने झाल्यावर आपल्या प्रतिनिधीने ॲव्हरेज काढला आणि साडेतेरा आला. तो खूश झाला, मित्रांना सांगितले. चूक साधी होती. त्याने किलोमीटर पूर्ण धरले आणि लिटर फक्त गॅसचे. मधल्या काळात भरलेले तीन हजारांचे पेट्रोल त्याने मोजलेच नव्हते. बरोबर पद्धत अशी की गॅस आपोआप बंद होईपर्यंत भरायचा, पेट्रोलची टाकीही फुल्ल करायची आणि किलोमीटर लिहायचे. तीन-चार वेळा गॅस भरल्यावर दोन्ही टाक्या पुन्हा फुल्ल करून दोन्ही बिले एकत्र जोडायची आणि किलोमीटरने भागायचे. यासाठी पेट्रोलची टाकी नेहमी पाव तरी भरलेली असावी, आणि नुसत्या हिशेबासाठी नव्हे. टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. 'गॅस आहे ना' म्हणून कोरड्या टाकीवर गाडी हाकणाऱ्यांचा पंप जळतो, आणि तो जळाला की गाडी सुरूच होत नाही, गॅस काठोकाठ असला तरी.

प्रतिनिधीने पुन्हा मोजले, तेव्हा किलोमीटरचा खर्च ४ रुपये ९२ पैसे आला. पेट्रोलचे पाच टक्के धरून तेवढाच यायला हवा होता.